आराखडा बंद झाल्याचे पत्र नीट लिहून घ्या

शिरूर कासार तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेत एक वसुली अधिकारी होते. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या हाती कामगिरी सुधारणा आराखडा पडला. तालुक्याच्या गावातही आता त्याला सगळे पीआयपीच म्हणतात. ठपका दोन गोष्टींचा होता आणि दोन्ही खऱ्या होत्या. थकीत कर्जदारांच्या घरी दिलेल्या भेटींची नोंद भेट-रजिस्टरला त्याच दिवशी होत नव्हती, आठवड्याच्या नोंदी शनिवारी एकदम लिहिल्या जात. आणि शाखेची थकबाकी चढत चालली होती. त्यांना तीन महिने मिळाले. एप्रिलअखेर रजिस्टर रोजच्या रोज भरले जाऊ लागले, थकबाकीही उतरली. शाखाधिकाऱ्यांनी आराखडा बंद केल्याचे पत्र दिले. त्यात दोनच वाक्ये होती: आपल्या कामगिरीत समाधानकारक सुधारणा झाली आहे, यापुढेही अशीच कामगिरी अपेक्षित आहे.

पत्र मिळाले तेव्हा सगळ्यांनाच बरे वाटले. पेढेही वाटले गेले.

दिवाळीनंतर शाखेला नवे शाखाधिकारी आले. त्यांनी थकबाकीची यादी काढली, ती एप्रिलपेक्षा बरीच वाढलेली होती. वैयक्तिक फाइल उघडली तर तिथे आराखडा होता आणि ते दोन ओळींचे पत्र होते. त्यांनी सरळ विचारले, "अहो, तुम्हाला लेखी सांगितलंय ना, अशीच कामगिरी पाहिजे म्हणून? मग हे काय?" वसुली अधिकारी म्हणाले, "साहेब, गावात माणूसच नाही. वसुली कुणाकडून करू?" उत्तर शंभर टक्के बरोबर होते, पण फाइलमध्ये त्याला आधार देणारा एक शब्दही नव्हता. दुसरा आराखडा लागला आणि वेतनवाढ थांबली. मी त्या काळात संस्थेच्या आस्थापना विभागाचे काम पाहत होतो, त्यामुळे ही फाइल माझ्या टेबलावरून अनेकदा गेली.

शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागातल्या लोकांना यातला पेच सांगावा लागत नाही. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता जातो. घराला कुलूप लागते, नाहीतर मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे उरतात. कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये माणसे परततात, हिशेब होतो, हातात काही उरले तर हप्ता भरला जातो. म्हणजे अशा शाखेची थकबाकी हिवाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. वसुली अधिकारी कितीही पळाला तरी हे चक्र काही उलटे फिरत नाही.

आता त्या पहिल्या पत्राकडे पाहा. भेटींच्या नोंदीत झालेली सुधारणा ही त्या माणसाची स्वतःची कमाई होती. थकबाकी उतरली त्यात मात्र त्याच्या पायपिटीचा वाटा होता आणि टोळ्या परतल्याचाही होता. पत्राने दोन्ही गोष्टी 'समाधानकारक' या एका पोत्यात भरल्या. मग 'अशीच कामगिरी' म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवण्याचा अधिकार पुढे जो कुणी फाइल उघडेल त्याच्याकडे गेला. आराखडा बंद केल्याचे पत्र लिहिणाऱ्याला सगळी पार्श्वभूमी ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही असते. पण त्याची खरी गरज लागते ती तिसऱ्याला, जो तेव्हा तिथे नव्हता.

सुधारणा कशामुळे झाली हे लिहायचे असते, याचा एक जाहीर दाखला बँकांच्या दुनियेत आहे. रिझर्व्ह बँक कमजोर बँकांवर तत्पर सुधारणात्मक कारवाईची चौकट लावते. पीसीए नावाने ती ओळखली जाते, आणि ती एका अर्थाने बँकेची पीआयपीच असते. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र जून २०१७ मध्ये या चौकटीत गेली. ३१ जानेवारी २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिला बाहेर काढल्याचे जाहीर केले, सोबत बँक ऑफ इंडिया आणि ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स याही होत्या. ते निवेदन छोटेच आहे, पण त्यात कामाचे सगळे आले आहे. कोणत्या तिमाहीचे आकडे धरले, भांडवलाचे निकष पूर्ण झाले, निव्वळ अनुत्पादित कर्जे ६ टक्क्यांच्या आत आली, हे त्यात आहे. बँक ऑफ महाराष्ट्रचा तो आकडा ५.९१ टक्के होता, म्हणजे रेषेच्या जेमतेम आत. ही सुटका काही अटींवर आहे आणि देखरेख चालू राहील, हेही त्याच वाक्यात आले.

ओरिएंटल बँकेची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिच्या जाहीर निकालात हाच आकडा ७.१५ टक्के होता, म्हणजे निकषाच्या बाहेर. रिझर्व्ह बँकेने ते झाकले नाही. निकालात आकडा ७.१५ असला तरी त्यानंतर सरकारने पुरेसे भांडवल घातले आहे आणि त्यामुळे तो ६ च्या खाली आला आहे, असे निवेदनात वेगळे नोंदवले. बाहेरून मिळालेला हातभार बाहेरचा म्हणूनच लिहिला गेला. आमच्या वसुली अधिकाऱ्याच्या पत्रात टोळ्या परतल्याचे एक वाक्य असेच असते, तर पुढचा हिवाळा त्याला एवढा जड गेला नसता.

मग पत्र कसे असावे? याच प्रकरणाचा नमुना घेऊ. आकडे नमुन्यादाखल आहेत.

"१ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या मुदतीसाठी आपणास दिलेला कामगिरी सुधारणा आराखडा यशस्वीरीत्या पूर्ण झाला असून आजपासून बंद करण्यात येत आहे. आराखड्यापूर्वी तपासलेल्या ४० भेटींपैकी १२ भेटींची नोंद त्याच दिवशी झालेली होती. एप्रिलमध्ये तपासलेल्या ४० पैकी ३८ नोंदी त्याच दिवशीच्या आढळल्या. शाखेची थकबाकीही या मुदतीत कमी झाली आहे. त्यात ऊसतोडीहून परतलेल्या कर्जदारांच्या भरण्याचा भाग असल्याने, यापुढे थकबाकीची तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करण्यात येईल. भेटींची नोंद त्याच दिवशी करणे ही अपेक्षा कायम आहे. ३१ ऑक्टोबरपर्यंत शाखाधिकारी दरमहा २० नोंदी तपासून आपणास निष्कर्ष कळवतील, त्यानंतर नेहमीची तपासणी लागू राहील. या आराखड्यामुळे आपली वेतनवाढ रोखली जाणार नाही. पुढे त्रुटी आढळल्यास प्रथम लेखी कळवून खुलाशाची संधी देण्यात येईल."

एवढे लिहायला अर्धे पान लागते. त्यात आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच मापाने मोजलेला आहे, हे महत्त्वाचे. आधी चाळीस भेटी तपासायच्या आणि नंतर पाचच पाहून 'सुधारले' म्हणायचे, असे केले तर पुढे कुणीही बोट ठेवते. दुसरे, चालू राहणाऱ्या अपेक्षेला जिथे जादा तपासणी जोडली आहे तिथे तिची अखेरची तारीख दिली आहे. तारीख नसली की जादा तपासणी वर्षानुवर्षे चालते आणि आराखडा कागदावर बंद होऊनही टेबलावर चालूच राहतो. ३८ च्या जागी ४० लिहिण्याचा मोहही टाळावा. राहिलेल्या दोन नोंदी लपवल्या तर बाकीच्या अडतीसवर कुणी विश्वास ठेवत नाही.

काही व्यवस्थापक अशा पत्राच्या शेवटी 'पुन्हा असे घडल्यास कठोर कारवाई करण्यात येईल' हे वाक्य सवयीने टाकतात. ते टाकू नये. त्याने सुधारणेचे पत्र मेमो होऊन बसते आणि फाइलमध्येही तसेच वाचले जाते. काही ठिकाणी कर्मचाऱ्याकडून 'यापुढे माझ्याकडून कोणतीही चूक होणार नाही' अशी हमी घेतात. अशी हमी कुणालाच पाळता येत नाही. हमी द्यायचीच तर मोजता येईल अशा गोष्टीची द्यावी. सेंट्रल बँक ऑफ इंडिया सप्टेंबर २०२२ मध्ये पीसीएतून बाहेर आली तेव्हा तिने लेखी हमी दिली होती, पण ती भांडवल, निव्वळ अनुत्पादित कर्जे आणि लिव्हरेज रेशो या ठरलेल्या निकषांपुरती. शिवाय हे निकष सांभाळता यावेत म्हणून यंत्रणेत कोणत्या सुधारणा केल्या, हेही तिने कळवले होते.

गोड शब्दही अडचणीत आणतात, हे सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहे. देव दत्त नावाच्या अभियंत्यांच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा होता. पदोन्नतीला 'अतिउत्तम' लागत होता, आणि 'चांगला' हा शेरा त्यांना कळवलाच नव्हता. १२ मे २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की शेरा वाईट असो वा चांगला, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. हा निकाल शासकीय आणि सार्वजनिक सेवेपुरता आहे. पतसंस्थेच्या किंवा खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्याला तो थेट लागू होईल असे धरून चालू नये. तिथे हातातला कागदच कामाला येतो.

या पत्राची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. ते आराखड्यातल्या मुद्द्यांपुरतेच बोलते. रोख कमी भरल्याची किंवा खोट्या पावतीची चौकशी चालू असेल तर तिचा मार्ग वेगळा असतो आणि आराखडा बंद झाल्याने ती बंद होत नाही.

त्या वसुली अधिकाऱ्याचे पुढे काय झाले? एप्रिलनंतर त्यांनी एकही दिवस न चुकवता भरलेले भेट-रजिस्टर त्यांच्या मदतीला आले. त्यात पानोपानी 'घर बंद, कुटुंब ऊसतोडीस, वृद्ध आई हजर' असे शेरे होते, काही ठिकाणी मुकादमाचे नावही होते. ते रजिस्टर आणि मागच्या दोन वर्षांच्या थकबाकीचे महिनावार तक्ते संचालक मंडळापुढे ठेवल्यावर दुसरा आराखडा मागे घेतला गेला आणि वेतनवाढ फरकासह मिळाली. मधले महिने मात्र घरखर्चाच्या ओढाताणीत गेले, मुलाच्या फीसाठी त्यांना नातेवाइकांकडे हात पसरावा लागला.

तुमच्या हातात असे दोन ओळींचे पत्र आले तर भांडू नका. त्याच आठवड्यात एक साधा अर्ज द्या. आराखड्यातला प्रत्येक मुद्दा, त्यात आधी काय होते आणि आता काय आहे, सुधारणेला कोणत्या परिस्थितीचा हातभार लागला, आणि पुढे कोणती अपेक्षा किती काळ तपासली जाणार, हे पत्रात नोंदवावे अशी विनंती करा. ती मान्य होवो न होवो, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि ती प्रत घरी ठेवा.