एसटीने हापूस कोल्हापूरला नेताना

टेम्पो भरेल एवढा माल नसलेले रत्नागिरीकडचे अनेक बागायतदार एप्रिल-मे महिन्यांत दोन-चार पेट्या एसटीने कोल्हापूरला नेतात. त्यांनी वजनाचा हिशेब पेटी भरतानाच करावा, बसच्या दारात नव्हे.

एसटीत पूर्ण तिकिटावर 30 किलो सामान मोफत नेता येते. हे वजन पेटीसकट धरले जाते. फळ सरासरी 250 ग्रॅमचे असेल, तर चार डझनांचे 12 किलो होतात. लाकडी पेटी आणि पेंढा यांचे साधारण 3 किलो धरले, तर एक पेटी 15 किलोची होते आणि अशा दोन पेट्या बरोबर मर्यादेत बसतात. पाच डझनांच्या दोन पेट्या केल्या, तर 36 किलो होतात. वरच्या 6 किलोंचे सामानाचे तिकीट कंडक्टरकडून मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपून ठेवा. फळ 275 ग्रॅमचे असेल, तर चार डझनांच्या दोन पेट्याही मर्यादेबाहेर जातात. म्हणून भरलेली पेटी घरीच काट्यावर ठेवून पाहा. सोबत माणूस जाणार नसेल, तर माल स्टँडवरच्या पार्सल खिडकीतून पाठवून पावती घ्यावी.

हातखंबा, पाली, साखरपा करत गाडी आंबा घाट चढते. वळणांवर पेटीतली सैल फळे एकमेकांवर घासतात. त्यासाठी फळ देठासकट काढा, चीक सुकू द्या आणि थरांमध्ये पेंढा घट्ट भरा. पेटी हलवली की आत आवाज येता कामा नये. आवाज आला, तर पेटी उघडून पुन्हा भरा. डिकीत ठेवण्याआधी तळाच्या पत्र्याला हात लावून पाहा. तो तापलेला असेल, तर पेटी दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगा. उन्हातला प्रवास शक्यतो टाळावा. बाजारात सौदे सकाळी होतात, त्या वेळेआधी पोहोचेल अशी गाडी निवडावी.

उतरण्याच्या जागेबाबत गफलत होते. रत्नागिरीची गाडी कोल्हापुरात पश्चिमेकडून, पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाकडून शिरते. शहर आले म्हणून तिथेच उतरू नका. शाहू मार्केट यार्ड शहराच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे आहे. मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जा आणि तिथून रिक्षाने यार्डात जा. म्हणजे पेट्या एकदाच उतरवाव्या लागतात. ओळखीच्या गिऱ्हाइकांना घरपोच द्यायच्या असतील, तर मात्र त्यांच्या जवळचा थांबा आधी विचारून घ्या आणि तिकीट काढतानाच कंडक्टरला सांगा. डिकी उघडायला त्याला वेळ मिळायला हवा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अडत्याला फोन करून पेट्या किती आणि फळ कोणत्या आकाराचे, ते सांगा. त्या दिवशी आवक फार असेल, तर तो थांबायला सांगेल. हापूस कच्चा असताना एक दिवस थांबणे परवडते. पिकायला लागलेला घेऊन परत घाट उतरणे परवडत नाही.