भावांच्या वाटणीत आईचा वाटा किती?

प्रश्न : आमचे गाव रत्नागिरी तालुक्यात. वडील 2016 साली गेले. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि लग्न झालेली एक बहीण. घर आणि हापूसची कलमे पणजोबांच्या काळापासूनची, एकत्र कुटुंबाची. धाकटा मुंबईला असतो, तो गणपतीला आला की वाटपाचा विषय निघतो. गावातली जाणती माणसे म्हणतात, वाटे भावाभावांचे, आईला मुलांनी सांभाळायचे. आईला खरोखर वाटा नसतो का? आणि असला तर किती?

उत्तर : आईला वाटा असतो, आणि तो तुमच्याइतकाच असतो. हे नव्या कायद्याने आणलेले नाही. बापाच्या मागे मुलगे वाटणी करू लागले तर आईनेही मुलाच्या बरोबरीचा वाटा घ्यावा, असे याज्ञवल्क्य स्मृतीतच सांगितले आहे, आणि विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने तेच धरून ठेवले. रत्नागिरीत मिताक्षराच प्रमाण. दक्षिणेत, मद्रासकडे, आईला वाटा देण्याची रीत लुप्त झाली आणि तिच्या हाती फक्त पोटगी उरली. मुंबई इलाख्यात मात्र हा हक्क न्यायालयांनी कायम मानला. तेव्हा ‘आईला सांभाळायचे’ ही तुमच्या गावची समजूत आपल्याकडच्या शास्त्राशीही जुळत नाही.

जुन्या शास्त्रात एक अडचण मात्र होती. आईला स्वतःहून वाटणी मागता येत नसे. मुलगे वाटायला बसले तरच तिचा वाटा निघे. मुलगे एकत्रच राहिले, किंवा राहिल्यासारखे दाखवत राहिले, तर तिने काय करायचे? 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर हा प्रश्न सांगलीच्या एका आईच्या दाव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो खटला नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तुमच्या घरचा हिशेब त्याच पद्धतीने निघतो.

खंडाप्पा मगदूम जून 1960 मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. 1962 साली हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला आणि 24 पैकी 7 हिस्से मागितले. हा आकडा असा येतो. खंडाप्पा जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे धरायचे. त्या वाटणीत वाटेकरी चार, स्वतः खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे. मुलींना त्या काळी या पहिल्या वाटणीत जागा नव्हती. प्रत्येकाला चौथा हिस्सा. मग खंडाप्पांचा चौथा हिस्सा त्यांच्या सहा वारसांत, म्हणजे पत्नी आणि पाच मुलांत, सारखा वाटायचा. तो प्रत्येकी चोविसावा भाग होतो. हिराबाईंचा स्वतःचा चौथा आणि नवऱ्याकडून आलेला चोविसावा मिळून 24 पैकी 7.

मुलाचे म्हणणे असे की ही वाटणी केवळ धरून चालायची आहे, वडिलांचा हिस्सा किती ते काढण्यापुरती. प्रत्यक्षात वाटणी झालीच नाही, मग आईला वाटणीतला वाटा कसला? तिला फक्त चोविसावा भाग मिळेल. सांगलीच्या न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या एका निकालाला बांधील राहून हेच मान्य केले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे 27 एप्रिल 1978 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निर्णय दिला की एकदा वाटणी झाली असे धरले की ती शेवटपर्यंत धरली पाहिजे. तिच्यातून वडिलांचा वाटा तेवढा उचलायचा आणि आईचा वाटा विसरायचा, असे चालणार नाही. हिराबाईंना 24 पैकी 7 हिस्से मिळाले, आणि ते मुलांची वाट न पाहता, स्वतः दावा लावून. माझ्या मते आईच्या हक्काच्या बाबतीत आपल्याकडचा हा सर्वांत मोलाचा निकाल आहे.

आता तुमच्या घरी येऊ. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगीही जन्माने सहहिस्सेदार झाली. तिचे लग्न झाले आहे की नाही याने काही बिघडत नाही. म्हणून तुमच्याकडे पहिल्या वाटणीत पाच वाटे पडतात, वडील, आई, दोघे भाऊ आणि बहीण. समजा एकसारखी 80 कलमे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला 16 आली. वडिलांची 16 मग चौघा वारसांत गेली, प्रत्येकी 4. आईची 20, तुमची 20, धाकट्याची 20, बहिणीची 20. म्हणजे सरळ चौथा हिस्सा. उद्या कोणी म्हणाले की ही मिळकत वडिलांची स्वतःची होती, तरी मृत्युपत्र नसेल तर चौघांना चौथाच येतो. मृत्युपत्र असेल तर वडिलोपार्जित मिळकतीत ते फक्त वडिलांच्या 16 कलमांपुरते चालते.

बहिणी आल्याने आईचा वाटा कमी होतो, हेही खरे आहे. आजच्या नियमाने हिराबाईंना 24 पैकी 4 आले असते, मुलांनाही 4 आणि मुलींना 1 ऐवजी 4. वाटेकरी वाढले, पण आई आणि मुलगा यांची बरोबरी मोडली नाही.

घोळ होतो तो कागदावर. वडील गेल्यावर वारस नोंदीचा अर्ज करताना भाऊ आपलीच नावे देतात आणि फेरफार तसाच मंजूर होतो. एवढ्याने आईचा हक्क जात नाही, कारण सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. पण पुढे विक्री झाली की तिलाच न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून आजच सातबारा काढून इतर हक्काचा रकानाही वाचा. कोकणात आईचे आणि बहिणीचे नाव पुष्कळदा तिथे टाकलेले सापडते, खातेदारांत नसते. फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यायची असते, आणि पोच घ्यायची असते.

दुसरा कागद हक्कसोडपत्र. आईने सही केली, अंगठा दिला, म्हणून नुसत्या स्टॅम्प पेपरवर हक्क सुटत नाही, ते नोंदणीकृत लागते. पण एकदा दुय्यम निबंधकापुढे नोंदले की ‘मला वाचून दाखवले नव्हते’ हे सिद्ध करणे फार कठीण. आईला सह्या करायला नेणार असाल तर मसुदा आदल्या दिवशी तिला घरी वाचून दाखवा.

तिसरी गोष्ट वाटपपत्रातल्या एका ओळीची. ‘आईने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, पश्चात दोघा भावांनी सारखे वाटून घ्यावे’ असे सर्रास लिहितात. तिच्या मूळ हक्कापोटी मिळालेली मिळकत 1956 च्या कायद्याच्या कलम 14 खाली तिच्या पूर्ण मालकीची होते, आणि 1977 च्या तुलसम्मा निकालानंतर अशी ओळ सहसा टिकत नाही. तरी ती पुसायला दावा लढावा लागतो. मसुद्यात ‘आईच्या पूर्ण मालकीचा’ असेच लिहून घ्या. तो वाटा तिने विकावा, बहिणीला द्यावा, मृत्युपत्र करावे, ही तिची मर्जी. काहीच न करता ती गेली तर तो तुम्हा तिघा भावंडांत सारखा येईल.

चौघांची संमती असेल तर शेतजमिनीचे वाटप जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे होते. मालकीचाच वाद निघाला तर ते थांबते आणि दिवाणी न्यायालयात जावे लागते. घराचे चार तुकडे पडत नसतील तर किंमत ठरवून ज्याला घर हवे त्याने इतरांचे पैसे द्यायचे. त्या इतरांत आईही येते. तिला पैसे नकोत, माजघर आणि पडवीच हवी असेल, तर वाटपपत्रात तेवढा भाग चतुःसीमेसह तिच्या नावे लिहा.