ओव्हनातली आंबोशी

चि. मुग्धा,


गावाहून आलेल्या रायवळ कैऱ्या पिकायच्या आत त्यांची आंबोशी करून टाकावी, हा तुझा विचार पटला. तुझ्या गॅलरीत ऊन नाही आणि मे संपत आला की मुंबईत आभाळाचाही भरवसा नाही, तेव्हा ओटीजी वापर. फक्त तो भाजायचं यंत्र आहे हे जरा विसर. फोडीतलं पाणी फोडीबाहेर काढायचं आणि मग ओव्हनबाहेरही घालवायचं, एवढंच त्याच्याकडून करून घ्यायचं आहे. दार बंद ठेवलंस तर ती वाफ आतच कोंडते आणि फोडी शिजतात.

पहिल्या खेपेला एक किलोच कैरी घे. साल आणि कोय गेली की साधारण सहाशे ग्रॅम फोडी निघतील. तुझ्या दोन जाळ्यांवर तेवढ्याच नीट मावतात. कैरी कडक, कोय धरलेली हवी. लोखंडी विळीवर चिरू नकोस, आंबटामुळे फोडी काळ्या पडतात. स्टीलची सुरी घे. जाडी पाच-सहा मिलिमीटर, आणि सगळ्यांची सारखी. पातळ फोड करपायला आली तरी शेजारची जाड ओलीच असते, मग ट्रेसमोर बसून एकेक वेचत बसावं लागतं. चिरून झालं की फोडींचं वजन करून कागदावर लिहून ठेव. मीठ लावायचा मोह या वेळी आवर, नाहीतर वजनाचा हिशेब चुकेल.

आता मांडणी. सपाट ट्रेवर फोडी पसरल्या तर खालची बाजू ओली राहते. केक गार करायची स्टीलची जाळी घे, फोडी एकमेकींना चिकटू देऊ नकोस आणि जाळीच्या चारही कडांना दोन बोटं जागा सोड, तिथूनच वारा वर चढतो. सगळ्यात खाली रिकामा ट्रे सरकव. खालच्या कांबीची धग मग थेट फोडींवर येत नाही. वरची कांब बंदच.

तुझ्या बटणावर खालचा आकडा १०० आहे, आपल्याला हवेत साठ ते पासष्ट अंश. म्हणून दारात लाकडी डाव आडवा घालून चार बोटं फट ठेव आणि समोरून टेबल फॅन हळू लाव. आत एका जाळीच्या मधोमध ओव्हनचा थर्मामीटर ठेव आणि त्याचंच ऐक, बटणावरच्या आकड्याचं नको. काटा सत्तरच्या वर जायला लागला तर थोडा वेळ बंद करून पुन्हा लाव. घाई करून शंभरावर वाळवलेली फोड वरून कडक होते. मग आतल्या पाण्याला वाटच उरत नाही. दिसायला छान वाळलेली, आणि महिन्याभरात बुरशी! (मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर हे जमत नाही, दार उघडलं की तो बंद पडतो.)

वेळ आठ ते बारा तास धर. ओटीजीचा टायमर तासाभराने वाजतोच, तेव्हा वरची जाळी खाली, खालची वर कर आणि पुढची बाजू मागे फिरव. तीनेक तासांनी फोडी सुटायला लागल्या की उलट. शेवटचे दोन तास मात्र जवळच राहा. पाणी संपत आलं की फोड भराभर तापते आणि कडा तपकिरी होतात. रात्रभर चालू ठेवून झोपू नकोस. संध्याकाळी उरलं तर गार करून डब्यात घाल, फ्रीजमध्ये ठेव आणि सकाळी पुढे चालू कर.

वाळली की नाही हे गरम फोडीवरून कळत नाही, कारण गरमपणी ती मऊच लागते. तीन-चार जाड फोडी बाहेर काढ, दहा मिनिटं गार होऊ दे आणि मोड. कट्‌कन तुटली पाहिजे. वाकली, चामड्यासारखी ताणली गेली किंवा तुटल्या जागी दाबल्यावर ओल दिसली, तर परत आत. मग वजन कर. कैरीत शंभरात सुमारे पंचाऐंशी भाग पाणी असतं, म्हणजे सहाशे ग्रॅममध्ये खरा ऐवज नव्वदच ग्रॅम. काटा शंभर-एकशे पाचवर आला तर काम झालं. दीडशेवर थांबलीस तर त्यातले साठ ग्रॅम अजून पाणीच आहे, फोड हाताला कितीही कोरडी लागो.

पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भर, वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेव. आठवडाभर रोज बरणी हलव आणि काचेकडे बघ. आत दव धरलं किंवा फोडी एकमेकींना चिकटल्या तर सगळ्या काढून पुन्हा दोन तास ओव्हनात घाल. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढीच फोड काढून चालत नाही, बरणीच टाकून द्यायची.

आठवडा कोरडा गेला की निम्मी बारीक करून आमचूर कर, उरलेली आमटीत टाकायला ठेव. गुळातलं लोणचं घालायचं असेल तर कळव, त्याला फोड थोडी वेगळी चिरावी लागते.

तुझी,
मावशी