छपरावरचे ऊन आणि गाडीचे चार्जिंग : घड्याळाचा हिशेब

आमच्या ओळखीच्या एका शिलाई कारखानदारांनी छपरावर ३ किलोवॅटचे सौर पॅनल बसविले आणि माल पोहोचविण्यासाठी विजेवर चालणारी छोटी मोटार घेतली. गाडी झटपट चार्ज व्हावी म्हणून ७.२ किलोवॅटचा चार्जर भिंतीवर लावला आणि त्यासाठी मंजूर भारही वाढवून घेतला. गाडी ते भर दुपारी बारा वाजताच लावीत. तरी बिल उतरेना. "ऊन अल्लाहचे, पॅनल आमचे, मग हे बिल कसले?" असे त्यांनी विचारले. उत्तर शोधायला आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तोच हिशेब येथे देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ३ किलोवॅटचे पॅनल दिवसभर ३ किलोवॅट देत नाहीत. उन्हाचा तिरपेपणा, तापलेली काच, धूळ व इन्व्हर्टरमधील घट यांमुळे मार्च महिन्यातील निरभ्र दिवशीही त्यांच्या छपरावरून बारा ते एक या तासात २.३ युनिटच मिळत होते. दहा ते अकरा १.८, अकरा ते बारा २.१, एक ते दोन २.२ आणि दोन ते तीन पुन्हा १.८, असा तो चढउतार होता. सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी चारनंतर जे मिळते ते किरकोळ. इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा त्याच्या ॲपमध्ये हे तासवार आकडे दिसतात. ज्यांनी पॅनल बसविले आहेत त्यांनी एका स्वच्छ दिवशी ते वहीत उतरवून घ्यावेत.

यातून कारखान्याचा खर्च वजा करावा लागतो. शिलाई यंत्रे, पंखे व दिवे मिळून तासाला अर्धे युनिट जाई. म्हणजे गाडीसाठी बारा ते एक या उत्तम तासातही १.८ युनिटच शिल्लक राहत होते.

आता गाडीकडे वळू. दिवसाची धाव ५० किलोमीटर. एका युनिटमध्ये ८ किलोमीटर धरले तर बॅटरीत सव्वासहा युनिट भरावे लागतात. चार्जिंग करताना काही वीज उष्णतेत जाते, म्हणून सॉकेटमधून सुमारे ७ युनिट घ्यावे लागतात.

७.२ किलोवॅटचा चार्जर हे ७ युनिट एका तासात ओढून घेतो. त्या तासात छपराजवळ शिल्लक होते १.८. उरलेले ५.२ युनिट वीज कंपनीच्या तारेतून आले. गाडी भरली की चार्जर थांबला आणि एक वाजल्यापासूनचे शिलकी ऊन वीज होऊन तारेतून बाहेर गेले. वेळ बरोबर निवडली होती, पण ओढ उन्हापेक्षा चौपट होती.

आम्ही सुचविले की चार्जरचा प्रवाह ६ अँपिअरवर आणावा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे साधारण १.४ किलोवॅट. या गतीने ७ युनिट भरायला दहापासून तीनपर्यंत पाच तास लागतात. या पाच तासांतली शिल्लक अनुक्रमे १.३, १.६, १.८, १.७ आणि १.३ युनिट होती. गाडीने तासाला १.४ घेतले. म्हणजे ६.८ युनिट उन्हातून आले आणि बाहेरून फक्त ०.२. गाडी तीच, छप्पर तेच आणि युनिटही तितकेच. पूर्वी चौथा हिस्सा उन्हाचा होता, आता जवळजवळ सर्वच उन्हाचे.

यात पैशाचा फरक किती, हे आपल्या जोडणीवर अवलंबून आहे. नेट मीटरिंगमध्ये घेतलेले आणि दिलेले युनिट महिन्याच्या बिलात एकास एक वजा होत असतील, तर रात्री चार्ज केले काय नि दुपारी काय, फारसा फरक पडत नाही. परंतु आमच्या स्नेह्यांची जोडणी नेट बिलिंगची होती. तीत बाहेर दिलेल्या युनिटला कमी दर मिळतो. समजा घेतलेले युनिट १० रुपयांना आणि दिलेले ३ रुपयांना पडते. मग रोज वाचलेल्या ५ युनिटमागे ३५ रुपये आणि २५ दिवसांचे ८७५ रुपये होतात. वेळेनुसार दर बदलणारे मीटर असले किंवा वीज बाहेर देण्याची परवानगीच नसली, तरीही हा तासांचा मेळ महत्त्वाचा ठरतो. म्हणून आपले बिल आधी नीट वाचावे.

आता काही मर्यादा. ६ अँपिअर ही गाडीच्या चार्जिंगची खालची हद्द आहे. त्याहून कमी प्रवाह गाडी घेत नाही. त्यामुळे ढग आले आणि शिल्लक घटली की तूट बाहेरून भरली जाते. शिवाय चार्जिंग चालू असेतो गाडीची स्वतःची यंत्रणाही थोडी वीज खाते, म्हणून फार हळू चार्जिंगमध्ये वाया जाण्याचे प्रमाण वाढते. शिल्लक मोठी असेल तेव्हा ८ अँपिअर ठेवणे बरे. आमच्या स्नेह्यांचा कारखाना शुक्रवारी बंद असतो. त्या दिवशी अर्ध्या युनिटची वजावट नसते, तेव्हा ते ८ वर ठेवतात.

पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येऊ शकते. तेव्हा उन्हाची वाट पाहत धंदा अडवू नये. गाडी दुपारी फेरीवर जात असेल तर रोज चार्ज करण्याचा हट्टही नको. २४ युनिटची बॅटरी असेल तर ५० किलोमीटरला पाव बॅटरीच लागते, म्हणून एक दिवसाआड जास्त वेळ लावता येते.

एक गैरसमज दूर करायला हवा. वीज गेली की छपरावर ऊन असूनही चार्जिंग बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून बॅटरी नसलेला साधा सौर इन्व्हर्टर अशा वेळी आपोआप थांबतो. तो बिघाड नव्हे.

पाच तास सलग चार्जिंग साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर करू नये. वेगळी तार ओढलेला पॉवर पॉइंट आणि चांगले अर्थिंग हवे. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून पाहावा. तो कोमट असेल तर ठीक. पण हात टिकत नसेल किंवा प्लास्टिक पिवळे पडले असेल, तर चार्जिंग थांबवून वायरमन बोलवावा.

हिशेब जमला की नाही हे कसे ओळखावे? मीटरवर घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे दिसतात. चार्जिंग लावताना आणि काढताना घेतलेल्या युनिटचा आकडा लिहून ठेवावा. निरभ्र दिवशी तो जवळपास हलला नसेल तर मेळ बसला. दोन-तीन युनिटने वाढला असेल तर प्रवाह कमी करावा किंवा सुरुवात तासभर पुढे न्यावी. आमच्या स्नेह्यांच्या वहीत आता हा आकडा रोज लिहिला जातो, आणि मोठ्या चार्जरसाठी वाढविलेला मंजूर भार कमी करण्याचा अर्जही त्यांनी केला आहे.