शुक्रवारी ‘बसायचं का?’ आलं की

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास, “मामा, ऑफिसातली सगळी शुक्रवारी बसतात. मला जायचं नसतं, का ते सांगायचं नसतं, आणि नाही म्हटलं की शिष्ट ठरायची भीती वाटते.” तुझं कारण मी विचारलं नाही, विचारणारही नाही. मी पिंपरी-चिंचवडला ३१ वर्षं नोकरी केली, आणि या एका बाबतीत करता येतील तेवढ्या चुका पहिल्या पाच वर्षांतच करून घेतल्या. त्यातून हाताशी राहिलं ते लिहून पाठवतोय. हिंजवडी काय आणि आमची कंपनी काय, शुक्रवारची संध्याकाळ सगळीकडे सारखीच.

१. आधी एक गाठ सोडव : ते तुला दारू पाजायला बोलवत नाहीत, तू हवास म्हणून बोलवतात — म्हणून नकार पेल्याला द्यायचा, माणसांना नाही. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

२. कारण देऊ नकोस, खरंही नको आणि खोटंही नको — कारण म्हणजे कढईचा कान, दिला की कोणीही धरून उचलतो. “गाडी चालवायची आहे” म्हणालास तर “कॅब करू” येतं, “उद्या लवकर उठायचंय” म्हणालास तर “नऊला सोडतो” येतं. त्यांची चूक नाही त्यात. तू अडचण सांगितलीस, त्यांनी मित्र म्हणून ती सोडवली.

३. खोट्या कारणावर तर दुधाच्या पिशवीसारखी तारीख छापलेली असते — “गोळ्या चालू आहेत” पाच दिवस चालतं, सहाव्या दिवशी कोणीतरी मायेनं विचारतं, “संपला का कोर्स?” श्रावण महिनाभर सांभाळतो, पुढे गणपतीही निभावून नेतात, पण अनंत चतुर्दशी झाली की पहिल्याच शुक्रवारी सगळं पुन्हा दारात. कायद्याच्या आडही लपू नकोस. महाराष्ट्रात दारूला वयाची २५ वर्षं लागतात, पण बिअरला २१ पुरतात, आणि तू तेवीसचा आहेस हे त्यांना ठाऊक आहे.

माझी एक आठवण सांगतो. एकदा मी “घरी पाहुणे आलेत” म्हणून सुटलो आणि संध्याकाळी मंडईत भाजी घ्यायला गेलो. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी, आणि समोर आमच्याच खात्यातला सहकारी. बसायच्या आधी घरी भाजी टाकायला म्हणून तोही आला होता. त्यानं “पाहुणे कुठायत?” असंही विचारलं नाही. नुसती मान हलवली आणि पुढे गेला. पुढचे दोन महिने त्यानं मला कशालाच बोलावलं नाही, डबा खायलासुद्धा नाही. मी बसायला गेलो नाही याचं त्याला काही वाटलं नव्हतं. त्याला खोटं सांगण्याइतकं परकं धरलं, ते लागलं.

४. “बघू”, “जमलं तर येतो” हे शब्द शुक्रवारपुरते जिभेवरून काढून टाक — बघू म्हणजे अर्धं वाढलेलं ताट, लोक वाट बघत बसतात. आठ जणांचं टेबल सांगितलेलं असतं, आणि साडेआठला तुझा फोन लागत नाही म्हटल्यावर राग येणारच.

५. ग्रुपवर विचारणा आली की दहा-पंधरा मिनिटांत उत्तर दे — लवकर आलेला नकार निरोप वाटतो, उशिरा आलेला टाळाटाळ वाटतो.

६. उत्तरात तीनच गोष्टी असू देत : त्यांच्या बेताला दाद, तुझं नाही, आणि पुढे भेटायची जागा — तिसरी गोष्ट राहिली की नाही कोरडं पडतं. “मस्त बेत आहे. मी आज नाहीये. सोमवारी चहाला सगळी हकिगत ऐकवा.” बास. तीनदा ‘सॉरी’ लिहू नकोस, गुन्हा केल्यासारखं दिसतं आणि मग समोरचाही गुन्हा शोधू लागतो.

७. त्या वाक्यातल्या ‘आज’ या शब्दाकडे मात्र नीट बघ — खरंच फक्त आज जायचं नसेल तरच तो लिही. तुला कधीच जायचं नाही, असं मला तुझ्या आवाजावरून वाटलं. तसं असेल तर ‘आज’ही नको आणि “पुढच्या वेळी नक्की” तर नकोच नको, नाहीतर दर शुक्रवारी नवा नकार शोधावा लागेल. एकदाच, हसत, सगळ्यांसमोर म्हण : “मी बसायला नसतो रे, जेवायला असतो.” हे वाक्य मला फार उशिरा सापडलं. यात कारण नाही, उपदेश नाही, आणि मी कुठे भेटेन ते मात्र आहे. एकदा ते रुजलं की तुझ्या वतीनं दुसरेच सांगू लागतात, “त्याला नको विचारू, तो जेवायला येतो.”

८. मग जेवायला खरोखर अस — डबा टेबलावर एकट्यानं स्क्रीनकडे बघत खायचा आणि शुक्रवारीही जायचं नाही, याला लोक शिष्टपणाच म्हणणार, आणि त्यांचं बरोबर असेल. चार वाजता टपरीवर जात जा, आठवड्यातून एकदा चहाचे पैसे तू दे. चारच्या चहाला जो असतो त्याला आठची बैठक माफ असते.

९. “का रे?” असं एकदा तरी येणारच. “असंच रे, मी नसतो” एवढंच म्हण — दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच वाक्य, तसंच हसून, एकही शब्द न वाढवता. शब्द वाढला की तिथे वाद घालायला जागा होते. तिसऱ्यांदा विचारायच्या आत तूच विचार : “ते राहू दे, तुझ्या फ्लॅटचं काय झालं?” माणसाला स्वतःविषयी बोलायला आवडतं, आणि तुलाही ऐकायला मिळतं.

१०. “बायकोला घाबरतो”, “देवमाणूस आहे” असं कोणी चिडवलं तर चिडवू दे — चिडवणं हा आपलेपणाच असतो, तोंड पाडलंस तर मात्र त्याचा टोमणा होतो. एक बघ : सगळ्यात जास्त आग्रह करणारा बहुतेक वेळा स्वतःच जरा अस्वस्थ असतो. शेजारी न पिणारा बसला की त्याला आपला पेला मोजला जातोय असं वाटतं. म्हणून त्याच्या पेल्याकडे बघू नकोस, आणि लिव्हर, पैसे, आईवडील यातला एकही शब्द काढू नकोस.

११. शुक्रवारी निघताना गुपचूप सटकू नकोस — बॅग खांद्याला लावून त्यांच्या जागेपाशी जा, दोन मिनिटं उभा राहा, “निघतो, मजा करा” म्हण. ग्रुपवर नकार आणि पाठमोरा माणूस, या दोन्हींची बेरीज वाईट दिसते.

१२. रात्री फोटो येतील, त्यातल्या एखाद्याला दाद दे — पण “मजा आहे बुवा तुमची” लिहू नकोस, लिहिलेल्यात तुझा आवाज नसतो आणि ते टोचतं. सोमवारी मात्र आपणहून विचार, “काय झालं परवा?” आणि ऐक. कोणी काय बरळलं ते तिथेच विसर.

१३. काही वेळा मात्र जायला हवं — कोणाचा निरोप असेल, बढती असेल, तर तो पेल्याचा कार्यक्रम नसतो, माणसाचा असतो.

हा प्रसंग तुझ्यावर लवकरच येणार आहे, तुझा टीम लीड महिनाअखेरीला सोडतोय म्हणालास ना? मग कसं करायचं ते नीट सांगतो. समज, बालेवाडीला आठची वेळ आहे. तू आठलाच पोच, उशिरा नको, कारण पहिल्या तासात सगळे बोलण्याच्या मनःस्थितीत असतात आणि नंतर आवाज वाढत जातो. पोचल्या पोचल्या शेजाऱ्याला सांगून ठेव, “मी सव्वानऊला निघणार”, म्हणजे निघताना कोणाला धक्का नाही. वेटर आला की सगळ्यांच्या आधी तूच त्याला थेट सांग, “एक फ्रेश लाइम सोडा.” टेबलावर चर्चा सुरू व्हायच्या आत हातात पेला आला की कोणी विचारत नाही, आणि तो पूर्ण रिकामा करू नकोस, रिकामा पेला दिसला की भरायला हात पुढे येतात. काँट्रीचं तेव्हाच बोलून घे : “खाण्यात मी आहे, ड्रिंक्सचं बिल वेगळं करू.” सुरुवातीला म्हटलं तर हिशेब असतो, शेवटी म्हटलं तर कंजुषी. आणि एवढं करूनही सगळं एकाच बिलात आलं, तर त्या एका दिवशी वाद न घालता सारखा वाटा भर. जाणाऱ्या माणसाजवळ दहा मिनिटं बस, त्यानं तुला शिकवलेली एक गोष्ट नाव घेऊन सांग. सव्वानऊला ऊठ. “अजून पाच मिनिटं”ला पुन्हा बसलास तर पुढचा तास गेला.

१४. कामाच्या गोष्टी त्या टेबलावर ठरतात ही तुझी भीती खोटी नाही — त्यावर उपाय पेला नाही, सोमवारची सकाळ आहे. साहेबांना साध्या शब्दांत विचार, “परवा कामाचं काही ठरलं का? मला काय बघायचंय?” दोन-तीन सोमवार विचारलंस की ते आपणहून सांगू लागतात.

१५. हे सगळं चांगल्या मनाच्या माणसांसाठी आहे, आणि बहुतेक माणसं तशीच असतात — पण कोणी हात धरून पाजू लागला किंवा तुझ्या सोड्यात गुपचूप काही मिसळलं, तर ती थट्टा नव्हे. पेला तिथेच ठेव, ऊठ, घरी ये. दुसऱ्या दिवशी ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका वरिष्ठाला सांग. तिथेही तुझं कारण सांगायची गरज नाही, “मी नको म्हटलं होतं” एवढं पुरे.

मंडईतल्या त्या सहकाऱ्याचं राहिलं. दोन महिन्यांनी मीच त्याच्या टेबलाशी डबा घेऊन गेलो आणि म्हणालो, “त्या दिवशी पाहुणे नव्हते. मी बसायला येत नाही, एवढंच होतं.” तो म्हणाला, “मग एवढंच सांगायचं होतंस.” आणि त्यानं वांग्याची भाजी माझ्याकडे सरकवली. मी का बसत नाही, हे त्यानं निवृत्त होईपर्यंत विचारलं नाही.

तेव्हा या सोमवारी टपरीवर पहिल्या चहाचे पैसे तू दे, आणि रात्री मला फोन कर.

तुझा,
मामा