चौदा नाही, साडेचौदा

सुरतेहून शिवून आलेला तो ब्लाऊज कपाटात तसाच पडून आहे. बाहीत दंड जेमतेम जातो, हात वर केला की मुंढ्यात काचतं. दुकानवाल्याचं फोनवर एकच पालुपद: "दीदी, पर्ची में जो लिखा है वही सिला है." घरच्यांनी तर माझं वजन वाढलं असा निकालच देऊन टाकला. माप बरोबर होतं आणि मीही होते तशीच आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

चिठ्ठी आमच्या नरडाण्याच्या मास्तरांची. तिचा फोटो पाठवा, असं दुकानानेच सांगितलं होतं. तिच्यावर एवढंच होतं: उं १४॥, शो १४॥, मुं १६॥, छा ३६, कं ३१॥, बा ५॥, दं ११॥. म्हणजे उंची, शोल्डर, मुंढा, छाती, कंबर, बाहीची लांबी आणि दंडाचा घेर. फोटो स्पष्ट होता. "सब समझ गया ना?" असं मी विचारलंही होतं. "हां दीदी, रोज का काम है," हे उत्तर आलं.

ब्लाऊज आला तेव्हा मी तो तसाच मास्तरांकडे नेला. त्यांनी हुक लावले, ब्लाऊज टेबलावर सपाट पसरला आणि टेप लावून चिठ्ठीच्या प्रत्येक आकड्यासमोर तयार कपड्याचं माप लिहीत गेले. शोल्डर १४. मुंढा १६. कंबर ३१. बाही ५. दंड ११. दंडाशी येऊन ते थांबले, चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "हाई चौदा नही ताई, साडेचौदा शे. त्यासनी रेघाच वाच्या नहीत."

जिथे जिथे दोन उभ्या रेघा होत्या, तिथे बरोब्बर अर्धा इंच गेला होता. जुने मास्तर पाव एका रेघेने, अर्धा दोन रेघांनी आणि पाऊण तीन रेघांनी लिहितात. तिकडच्या कारागिराने त्या दोन रेघा इंचाची खूण समजल्या. आता साधी गोष्ट आहे, इंचाची खूण असती तर ती छत्तीसपुढेही नसती का? छातीपुढे रेघ नाही आणि बाकी सगळीकडे आहे, एवढं पाहूनही त्या माणसाला शंका येऊ नये? छाती ठीक बसली, म्हणून तर सगळ्यांनी माझ्या दंडांनाच दोष दिला.

तुम्ही चिठ्ठीचा फोटो पाठवणार असाल तर जरूर पाठवा, पण त्याखाली प्रत्येक माप अक्षरात लिहा: शोल्डर साडेचौदा इंच, दंडघेर साडेअकरा इंच. आणि कापडाला कात्री लावण्याआधी तीच मापं समोरच्याकडून अक्षरात लिहून परत मागवा. "समझ गया" हे उत्तर घेऊ नका.

चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं असतील तर एस या एकाच अक्षरावर तीन अर्थ निघतात: शोल्डर, स्लीव्ह, आणि पँटीच्या मापात सीट. आकड्यावरून ओळखता येतं. मोठ्या बाईच्या शोल्डरला सात-सव्वासात लिहिलं असेल तर ते अर्धं शोल्डर आहे, दुप्पट करायचं. ब्लाऊजची कंबर म्हणजे ब्लाऊज जिथे संपतो तिथला घेर. साडी नेसतो ती कंबर वेगळी. दंडाचा घेरही बाहीच्या टोकाशी घेतलेला असतो, त्यामुळे साडेपाचाची बाही कोपरापर्यंत करायची ठरली तर जुना आकडा निरुपयोगी, तिथला घेर नव्याने घ्यायचा.

सगळ्यात जास्त घोळ छातीत होतो. छत्तीस हे अंगाचं माप की तयार कपड्याचं, हे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. आमचे मास्तर अंगाचं लिहितात आणि कापताना ढील धरतात. दुसरीकडे तोच आकडा तयार माप समजून शिवला तर हुक ताणतील; तयार मापावर पुन्हा ढील धरली तर ब्लाऊज लोंबेल. आकड्यापुढे "अंगाचं" किंवा "तयार" लिहाच. नीट बसणारा मापाचा ब्लाऊज पाठवता आला तर सगळ्यात उत्तम. चिठ्ठी जुनी असेल तर माप पुन्हा घ्या, हे तर सांगायलाच नको.

दुकान आता "ऑल्टर कर देंगे" म्हणतंय. कंबर आणि दंड शिलाईत दाबलेलं कापड असेल तर उसवून वाढतात. शोल्डर वाढत नाही, कारण मुंढ्याची गोलाई कापताना ते कापड निघून गेलेलं असतं. शोल्डर कमी पडलं असेल तर ऑल्टरला होकार देऊ नका. नवं कापड किंवा पैसे मागा. मास्तरांनी लिहिलेली दोन्ही मापं, चिठ्ठीची आणि कपड्याची, शेजारी शेजारी ठेवून मी दुकानाला पाठवली आहेत. निळ्या खुणा दिसतात, म्हणजे पाहिलंय. उत्तर नाही.