परीक्षेपासून मागे मोजा

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्यातील शाळांची दहावीची परीक्षा अमरावती विभागीय मंडळ घेते. परीक्षेची तारीख काही महिने आधी कळते. तारीख कळली की आपण आजपासून पुढे मोजू लागतो. पण त्या तारखेपासून मागे मोजत यावे. का, ते एका उदाहरणावरून पाहू.

२०२४ साली दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली. समजा, पुसदच्या एका मुलीने १ डिसेंबर २०२३ रोजी हिशेब मांडला. डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१ आणि लीप वर्ष असल्यामुळे फेब्रुवारीचे २९, असे ९१ दिवस झाले. म्हणजे बरोबर १३ आठवडे. तिचे ४० पाठ शिल्लक होते. आठवड्याला तीन-साडेतीन पाठ पुरेत, असे तिला वाटले.

मग तिने मागून मोजले. शेवटचा आठवडा फक्त उजळणीचा. त्याआधीचे दोन आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचे. फेब्रुवारीतील एक आठवडा तोंडी परीक्षेचा आणि जानेवारीतील एक शाळेच्या सराव परीक्षेचा. हे पाच आठवडे वजा केल्यावर नवीन पाठांसाठी आठच आठवडे उरले. ४० ला ८ ने भागा. आठवड्याला पाच पाठ! आता खरे काम दिसले.

पाच पाठ सात दिवसांत पसरू नका. सहा दिवसांत ते संपवा आणि सातवा दिवस मोकळा ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी मदत करावी लागते, कधी पाहुणे येतात. राहिलेले काम त्या मोकळ्या दिवशी भरून निघते. सगळे पाठ सारखे नसतात, हेही लक्षात ठेवा. भूमितीचा मोठा पाठ दोन पाठांएवढा धरा.

पाठ झाला, असे केव्हा म्हणावे? पुस्तक मिटून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे लिहिता आली, तरच. नुसते वाचून यादीत खूण करू नका.

समजा, तीन आठवड्यांनंतर १५ ऐवजी ११ च पाठ झाले. राहिलेले चारही पाठ पुढच्याच आठवड्यात कोंबले, तर त्या आठवड्यात नऊ होतील आणि तेही राहतील. म्हणून पुन्हा भागाकार करा. २९ पाठ आणि पाच आठवडे, म्हणजे आठवड्याला सुमारे सहा. उजळणीचा आठवडा मात्र मोडू नका. परीक्षेची तारीख काही पुढे सरकत नाही.

शब्दार्थ
शिल्लक – उरलेले
उजळणी – शिकलेले पुन्हा वाचणे
कोंबणे – दाबून भरणे

स्वाध्याय
१. १३ आठवड्यांतून पाच आठवडे का वजा केले?
२. सातवा दिवस मोकळा का ठेवावा?
३. तुमचे ३० पाठ शिल्लक आहेत आणि परीक्षेला १० आठवडे आहेत. त्यांपैकी चार आठवडे उजळणी व सरावासाठी ठेवा. आठवड्याला किती पाठ येतील?